वादळाचा बावटा लागलेली रात्र : बोट आणि जाळ्यांच्या भरपाईसाठी काय हाताशी हवं

वादळात बोट फुटली की भरपाईचा अर्ज नंतर होतो, पण तो टिकणार की नाही हे बरंचसं आदल्या रात्रीच ठरतं. बोट वाऱ्याआधी कशी होती हे दाखवणारा फोटो, बोटीची नोंद कुणाच्या नावावर आहे आणि समुद्रात किती जाळी होती या तीन गोष्टींवर बहुतेक प्रकरणं अडतात. वारा सुटल्यावर यातलं काहीच नव्याने करता येत नाही. म्हणून नियम नुसते मांडण्याऐवजी वेसाव्यातलं, म्हणजे मुंबईच्या वर्सोव्यातलं, एक कुटुंब उदाहरणादाखल कल्पू आणि त्यांच्या रात्रीबरोबर पुढे जाऊ. रात्र घेऊ 16 मे 2021 ची, तौक्ते वादळ मुंबईजवळून जाण्याच्या आदली.

हवामान खात्याचे इशारे त्याआधीच सुरू झाले होते. समुद्रात जाऊ नका, गेलेल्यांनी परत या. घरातला थोरला मुलगा तांडेल. तो पाच खलाशी घेऊन डोल जाळ्यांवर मासेमारीला गेलेला. परतीला निघाल्याचा निरोप सोबतच्या बोटीने वायरलेसवरून मच्छीमार संस्थेत दिला होता, त्यानंतर काही नाही. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच संपते, त्यामुळे फोन लागत नाही याचा अर्थ लगेच वाईट धरायचा नसतो. शिवाय वेसाव्याच्या खाडीचं तोंड गाळाने भरलेलं. ओहोटीला बोट आत येत नाही, बाहेर भरतीची वाट बघत थांबावं लागतं. त्या रात्री पाणी चढणार होतं पहाटे तीनच्या पुढे.

तोवर काय करायचं, हा प्रश्न त्या घरात सासूने सोडवला. "सूनबाई, बसून काय व्हणार? कपाटातली पिशवी काढ." ही पिशवी म्हणजे या लेखाचा गाभा आहे.

तिच्यात असायला हवं ते असं. बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 खालचा चालू मुदतीचा मासेमारी परवाना. विमा असेल तर पॉलिसी. मालकाचं आधार कार्ड आणि त्याच्याच नावच्या, आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदत्वाचा पुरावा. जाळी, दोर, इंजिन यांच्या खरेदीच्या पावत्या. आणि बोटीवर गेलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, गावाचा पत्ता, आधारची प्रत. शेवटचा कागद बहुतेक घरांत नसतो. खलाशी पालघरचा असेल नाहीतर उत्तर प्रदेशातला, त्याच्या घरचा नंबर त्याच्याच फोनमध्ये असतो आणि फोन बोटीवर. अडचण आली तर कुणाला कळवायचं हेच किनाऱ्यावर कुणाला ठाऊक नसतं.

सुनेने कागद जमिनीवर मांडले तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. परवान्याची मुदत चालू होती, हे ठीक. पण नोंदणी अजून सासऱ्यांच्या नावावर होती आणि ते तीन वर्षांपूर्वी गेले होते. बोट रोज समुद्रात जात होती, डिझेल मिळत होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. भरपाई मात्र नोंदणीकृत मालकाच्या खात्यात जाते. मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. एखादी बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी असते, तिची सही मिळेपर्यंत मदत मिळणाऱ्यांची यादी निघून जाते. मालकी बदलण्याचा अर्ज मत्स्यव्यवसाय विभागाकडे, 'रिअलक्राफ्ट' या ऑनलाइन प्रणालीवरून करायचा असतो. तो शांत दिवसांत करून घ्यावा. त्या रात्री सुनेला एवढंच करता आलं : मृत्यूचा दाखला शोधून पिशवीत टाकला आणि नणंदेला फोन केला.

पहाटे बोट आली. सगळे सुखरूप. पण घाईत एक डोल जाळं समुद्रातच, खुंटाला बांधलेलं राहिलं होतं. थोरल्याला त्याचीच हळहळ. आईने त्याला आधी चहा दिला, मग मोबाइल दिला आणि म्हणाली, "बोटीचे फोटो काढ, मग झोप."

फोटो कसे काढायचे हे नीट सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त हलगर्जी होते. एक फोटो असा, ज्यात अख्खी बोट आणि नाळेवर रंगवलेला नोंदणी क्रमांक एकत्र दिसतो. मग दोन्ही बाजूंच्या फळ्या, केबिन, इंजिन आणि त्यावरचा क्रमांक. बोटीवर असलेली जाळी पसरून नव्हे, पण मोजता येतील अशी. फोनमधली तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघायचं आणि फोटो लगेच घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवायचे, कारण पहिला भिजू शकतो. असे आधीचे फोटो नसतील तर फुटलेली फळी बघून 'ही जुनीच होती' असं कुणीही म्हणू शकतं, आणि ते खोडून काढायला हातात काही नसतं.

17 मे रोजी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली. आपल्या गोष्टीतली बोट खाडीत नांगरलेली. नांगर सरकला, बोट शेजारच्या बोटीवर आदळली. उजव्या बाजूच्या फळ्या फुटल्या, केबिन गेली, इंजिनात पाणी शिरलं.

वारा पडल्यावर पहिली ऊर्मी असते ती बोट ओढून सुताराला बोलवायची. तिथे थांबायला हवं. बोट बुडू नये म्हणून ओढणं, बांधणं, पाणी उपसणं जरूर करा, पण तेही फोटो काढून. फळी बदलायची ती पंचनाम्यानंतरच. दुरुस्त बोटीचा पंचनामा होत नाही. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवायचं, कारण त्यांचा सर्व्हेअर वेगळा येतो आणि त्यालाही नुकसान जसंच्या तसं बघायचं असतं. विम्याचा दावा आणि सरकारी मदत ही दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत.

अर्ज साधा असतो. कुठल्या वादळात, कधी, कुठे नांगरलेली असताना काय नुकसान झालं ते लिहायचं, वरचे कागद आणि आधीचे-नंतरचे फोटो जोडायचे. एक प्रत मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात, एक तहसील कार्यालयात. वेसावं अंधेरी तालुक्यात येतं. उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे. वरळी, माहीम, कुलाबा इथल्या कोळीवाड्यांचं काम शहर जिल्ह्याच्या, फोर्टमधल्या कार्यालयाकडे. संस्थेमार्फत एकत्र अर्ज गेले तर बरं, पण आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

पंचनाम्याला मत्स्यव्यवसाय आणि महसूल खात्याची माणसं येतात, पंच म्हणून स्थानिक माणसं सही करतात. त्या वेळी बोटीजवळ कुटुंबातलं कुणीतरी हजर हवंच. सही करण्याआधी तीन ठिकाणी डोळे घालायचे : नोंदणी क्रमांक बरोबर लिहिलाय का, नुकसान 'अंशतः' लिहिलंय की 'पूर्णतः', आणि जाळ्यांची नोंद वेगळी केलीय का. कणा मोडला असेल, बोट पुन्हा पाण्यात जाणं शक्यच नसेल तर ते शब्दांत लिहायला सांगा. एका शब्दावर मदतीची रक्कम दुपटीहून जास्त बदलते. इंजिनासाठी आपत्ती मदतीच्या निकषांत वेगळं कलम नाही, बोट आणि जाळी एवढंच आहे. तरीही इंजिनाचं नुकसान पंचनाम्यात लिहून घ्या, विम्यासाठी ते उपयोगी पडतं.

समुद्रात राहिलेल्या जाळ्याचं काय? दाखवायला काहीच नाही, म्हणून बहुतेक लोक ते अर्जात लिहितच नाहीत. लिहावं. खरेदीची पावती, संस्थेचं पत्र आणि त्या रात्री सोबत असलेल्या बोटीच्या तांडेलाचा जबाब जोडावा. मिळण्याची खात्री नाही, पण न लिहिलेलं तर नक्कीच मिळत नाही.

आता रक्कम. तौक्तेनंतर राज्य सरकारने नेहमीपेक्षा वाढीव दर लावले : अंशतः नुकसान झालेल्या बोटीला 10 हजार, पूर्ण नष्ट झालेल्या बोटीला 25 हजार, जाळ्यांना 5 हजार रुपये. केंद्राचे 2022-23 ते 2025-26 साठीचे निकष याहून कमी होते : बोटीच्या दुरुस्तीला 6 हजार, पूर्ण नष्ट बोटीला 15 हजार, जाळ्यांच्या दुरुस्तीला 3 हजार, पूर्ण गेलेल्या जाळ्यांना 4 हजार. प्रत्येक वादळानंतर राज्य आपला वेगळा आदेश काढू शकतं, म्हणून त्या वादळाचा शासन निर्णय संस्थेकडून वाचून घ्या. आपल्या गोष्टीतल्या घराला बोटीचे 10 हजार आणि, जाळ्याचा पुरावा मान्य झाला तर, 5 हजार. लाखांत किंमत असलेल्या बोटीची यातून एक बाजूही उभी राहत नाही. ही रक्कम फार तोकडी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच बोटीच्या विम्याचा हप्ता चुकवू नये. ही मदत मालकाची असते, त्यात खलाशाचा वाटा नसतो, हेही लक्षात ठेवा.

यादीत नाव आलं नाही तर तहसीलदारांकडे पोच जोडून लेखी हरकत द्यायची. पंचनाम्यात काय लिहिलं गेलं ते कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागता येते, उत्तराची मुदत 30 दिवसांची.

आणि बोट आलीच नाही तर? भरती उलटून गेली, सोबतच्या बोटी आत आल्या आणि वायरलेसवर उत्तर नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. मुंबई महापालिकेचा आपत्ती नियंत्रण कक्ष 1916. बोटीचा क्रमांक, रंग, माणसं किती, शेवटचा संपर्क किती वाजता आणि कुठून, एवढं सांगता आलं पाहिजे. त्याचबरोबर पोलीस ठाण्यात नोंद करायची, कारण पुढची प्रत्येक मदत त्या नोंदीवर उभी राहते. आपत्तीत मृत्यू झाला तर निकषांप्रमाणे वारसांना 4 लाख रुपये मिळतात. मच्छीमारांच्या सामूहिक अपघात विम्यात नोंद असेल तर आणखी 5 लाख, आणि या विम्याचा हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही, तो केंद्र आणि राज्य भरतं. तांडेल असो की खलाशी, त्याची नोंद झालीय का हे संस्थेत विचारून घ्यावं, आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय तेही.