उसण उतरली, पण धाप वाढली

खानापूर तालुक्यातील चाळिशीचे एक शेतकरी सुगीच्या दिवसांत भाताची पोती ट्रॅक्टरमध्ये चढवून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या उजव्या बरगड्यांत कळ उठली. श्वास खोल घेतला, खोकला किंवा शिंक आली की सुरी खुपसल्यासारखे दुखे. उसण भरली, असे घरच्यांनी ठरवले आणि मिठाच्या पुरचुंडीने शेकायला सुरुवात केली. हा तर्क चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, कारण ओझे उचलल्यानंतर बरगड्यांमधले स्नायू ताणले जातात आणि प्रत्येक श्वासागणिक ते हलत असल्याने तिथे दुखतेही.

आठवड्याभराने ते माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, “डॉक्टर, कळ आता बरीच कमी आहे, पण गोठ्यापर्यंत गेलो तरी दम लागतोय.” या एका वाक्याने मी सावध झालो.

फुप्फुसाला दोन पातळ आवरणे असतात, एक फुप्फुसाला चिकटलेले आणि दुसरे छातीच्या भिंतीला आतून अस्तरासारखे लागलेले. त्यांच्यामध्ये एरवी जेमतेम काही चमचे द्रव असतो, ज्याच्यामुळे ती एकमेकांवरून सहज सरकतात. फुप्फुसात आणि त्याला चिकटलेल्या आवरणात वेदनेच्या नसा नसतात. बाहेरच्या अस्तरात मात्र त्या भरपूर असतात. आवरणाला सूज आली की गुळगुळीत पृष्ठभाग खरबरीत होतात आणि दर श्वासाला घासू लागतात. ही झाली आवरणाची वेदना. पुढे सुजेमुळे तिथे पाणी साचू लागले, तर ते दोन्ही पृष्ठभागांना एकमेकांपासून दूर करते, त्यामुळे घासणे थांबते आणि कळ ओसरते. पण तेच पाणी फुप्फुसाला फुगू देत नाही, म्हणून धाप वाढते. रुग्णाला बरे वाटू लागते, नेमका तेव्हाच आजार पुढे सरकलेला असतो.

ताणलेल्या स्नायूचे दुखणे असे वागत नाही. ते बहुधा बोटाने दाखवता येते, त्या जागी दाबले की तीच कळ पुन्हा उठते, आणि कुशीवर वळताना किंवा हात वर नेतानाही ती जाणवते. त्याच्यामुळे ताप येत नाही. या शेतकऱ्यांच्या बरगड्या मी एकेक करून दाबल्या, पण ती कळ उठली नाही. खोदून विचारल्यावर संध्याकाळी अंग कणकणते आणि कोरडा खोकला आहे, हेही त्यांनी सांगितले. पाठीवर बोटाने ठोकले असता डाव्या बाजूला पोकळ आवाज येत होता, तर उजवीकडे खाली, भरलेल्या पिंपावर ठोकावे तसा बद्द, आणि तिथे स्टेथोस्कोपमधून श्वासही ऐकू येत नव्हता. एक्स-रेमध्ये उजवीकडे पाणी दिसले. सुईने काढलेला द्रव गवताच्या काडीसारखा पिवळसर होता आणि तपासण्यांवरून निदान झाले ते आवरणाच्या क्षयाचे. आपल्याकडे तरुण व मध्यम वयात छातीत असे पाणी होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. त्यावरची औषधे सहसा सहा महिने घ्यावी लागतात आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आवरणाची कळ आणखी एका प्रकारे चकवते. खालचे अस्तर श्वासपटलावर असते आणि त्याच्या मधल्या भागाच्या नसा मानेतून येतात, त्यामुळे तिथली सूज खांद्यात दुखते. खांदा चोळून घेणाऱ्या माणसाचे मूळ दुखणे छातीच्या तळाशी असू शकते.

आता हृदयाविषयी. हृदयविकाराचा झटका बहुधा श्वासाशी बांधलेला नसतो. छातीच्या मध्यभागी दडपण येते, ते हातात किंवा जबड्यात जाते, घाम फुटतो. श्वासाबरोबर वाढते ती हृदयावरच्या आवरणाच्या सुजेची वेदना. तिची ओळख अशी, की उताणे झोपल्यावर ती वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होते. रुग्ण रात्रभर उशी पोटाशी धरून बसून काढतो. मात्र दाबल्यावर दुखले किंवा श्वासाने वाढले, म्हणजे हृदय सुटले, असे कोणी समजू नये. झटका आलेल्या काही रुग्णांतही असे आढळते, आणि मधुमेह असलेल्यांत तर लक्षणे फारच अस्पष्ट असतात. म्हणून शंका असेल तिथे ईसीजी काढावाच लागतो, आणि पहिला ईसीजी ठीक आला तरी काही वेळाने पुन्हा काढावा लागतो.

एका कारणाला तर आठवड्याभराची सवड नसते. शस्त्रक्रियेनंतर किंवा पाय प्लास्टरमध्ये असताना पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होते, ती सुटून फुप्फुसात अडकते आणि कळ व धाप एकाएकी सुरू होतात. सोबत एक पोटरी सुजलेली असेल, थुंकीत रक्त असेल किंवा चक्कर येत असेल, तर शेक देत न बसता लगेच १०८ वर फोन करावा.

त्या शेतकऱ्यांना निघताना मी विचारले, की ताप येत होता हे आधी का सांगितले नाही. ते म्हणाले, “सुगीत अंग कणकणतंच की, डॉक्टर.”