शिकवणारी पुस्तिका आणि नियमकोश: एकाच खोक्यातली दोन वेगळी कामं

आपला पहिलाच बोर्ड गेम तयार करणारी माणसं नियमपुस्तिका लिहायला बसतात तेव्हा बहुतेक जण एकच दस्तऐवज लिहितात. त्यात सगळं असतं: साहित्याची यादी, मांडणी, नियम, अपवाद, अपवादांचे अपवाद. लिहिणाऱ्याला ते पूर्ण वाटतं. पण चार नवखी माणसं तो खोका उघडतात आणि पंचवीस मिनिटांनीही फासे पडलेले नसतात. कारण त्या एका दस्तऐवजावर दोन कामं लादलेली असतात. एक काम खेळ सुरू करून देण्याचं, दुसरं खेळताना अडलं की निवाडा करण्याचं. पहिल्याला मी शिकवणारी पुस्तिका म्हणते, दुसऱ्याला नियमकोश.

दिसायला दोन्ही सारखीच असतात, दोन्हींत नियमच असतात. फरक क्रमात आहे. शिकवणाऱ्या पुस्तिकेचा क्रम वेळेचा: टेबलावर जे आधी घडतं ते आधी. नियमकोशाचा क्रम शब्दांचा: ज्या शब्दावर वाद झाला तो शब्द चटकन सापडला पाहिजे.

‘कॅटन’चं उदाहरण घेऊ. क्लाउस टॉयबर यांचा हा जर्मन खेळ १९९५ साली आला आणि त्याच्या खोक्यात ही विभागणी स्पष्ट दिसते. नियमांची छोटी पुस्तिका वेगळी आणि ‘अल्मनॅक’ नावाचा वर्णानुक्रमे लावलेला भाग वेगळा. शिवाय पहिल्या खेळासाठी पटाची तयार मांडणी चित्रात दिलेली असते. १९ षटकोनी तुकडे कुठे ठेवायचे, कोणाच्या वस्त्या कुठे, सगळं ठरलेलं. एरवी सुरुवातीच्या वस्त्या खेळाडू स्वतः निवडतात आणि ती निवड खेळातली फार मोठी निवड असते. पण कुठला आकडा किती वेळा पडतो, लोकरीसारखा माल कधी लागतो, हे ज्याला माहीत नाही त्याला ती निवड करायला लावणं म्हणजे न वाचलेल्या पुस्तकाची परीक्षा घेणं. म्हणून पहिल्या खेळापुरती ती काढून घेतली आहे. तुमच्या खेळात सुरुवातीलाच अशी निवड असेल, तर तीही चित्रात गोठवून टाका. सुरुवातीच्या वेळेतली सर्वात मोठी बचत इथेच होते.

आता हिशोब. खोका उघडल्यापासून पहिला फासा पडेपर्यंत दहा मिनिटं धरली तर चार-पाच मिनिटं सामान मांडण्यातच जातात. उरलेल्या पाच मिनिटांत कुणीतरी मोठ्याने वाचणार, बाकीचे ऐकणार. मिनिटाला शंभरेक शब्द धरा, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम पाचशे शब्द आहेत. त्यात काय बसवायचं?

‘कॅटन’पुरतं बघू. पहिलं वाक्य जिंकण्याचं: ‘जो आपल्या पाळीत आधी १० गुण गाठेल तो जिंकला. प्रत्येक वस्तीचा १ गुण, म्हणजे तुमच्याकडे आताच २ आहेत.’ मग एका पाळीत काय करायचं: फासे टाका, ज्यांना माल मिळतो त्यांना द्या, देवघेव करा, बांधा. बांधकामाच्या किमती शब्दांत नकोतच, त्या प्रत्येकाच्या समोरच्या कार्डावर असतात.

खरा प्रश्न पटावरच्या दरोडेखोर या सोंगटीचा आहे. दोन फाशांची बेरीज ७ आली की दरोडेखोर हलतो. हा नियम अपवादासारखा वाटतो, म्हणून लिहिणारा तो मागच्या पानावर ढकलतो. पण ३६ पैकी ६ जोड्यांत ७ येतो. चार जण खेळत असतील तर पहिल्याच फेरीत निदान एकदा ७ पडण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक टेबलांवर पहिल्या फेरीतच पुस्तिका अर्धवट ठरेल. हा नियम पहिल्या पाचशे शब्दांत हवाच.

तरी सगळा नको. त्याचे दोन भाग पडतात. दरोडेखोर दुसऱ्या तुकड्यावर हलवायचा, तिथे शेजारी असलेल्या एकाचा एक पत्ता न बघता घ्यायचा, आणि तो बसला आहे तोवर त्या तुकड्यातून माल मिळत नाही, हे लगेच लागतं. दुसरा भाग: ज्याच्या हातात मालाचे ७ हून अधिक पत्ते आहेत त्याने निम्मे परत करायचे. पहिल्या फेरीत कुणाकडे एवढे पत्ते साठणं अवघडच, म्हणून हा भाग पुढे ढकलावासा वाटतो. पण समजा सहाव्या फेरीत एकीने शहरासाठी नऊ पत्ते जमवले, ७ पडला, आणि तेव्हा कुणीतरी पान उलटून सांगितलं की चार गेले. ती चिडणार, आणि तिचं बरोबर आहे. ज्या नियमामुळे नुकसान होतं तो नुकसानीच्या आधी कळला पाहिजे. म्हणून पुस्तिकेत एक ओळ: ‘आठ किंवा जास्त पत्ते हातात ठेवणं धोक्याचं आहे, ७ पडला की निम्मे जातात.’ नऊ असतील तर चार की पाच, ७ टाकणाऱ्यालाही हे लागू आहे का, ही उत्तरं (चार; हो) नियमकोशात ‘दरोडेखोर’ या शब्दाखाली.

सर्वात लांब रस्त्याचं उलट. सलग पाच रस्ते आधी पूर्ण करणाऱ्याला २ गुण, एवढं पुस्तिकेत पुरे. मध्येच दुसऱ्याने वस्ती बांधली तर रस्ता तुटतो का, फाटे मोजायचे का, हे प्रश्न सुरुवातीला दोन-दोन रस्ते असताना कुणाला पडत नाहीत. ते कोशात.

मराठीत लिहिताना एक खास अडचण येते. आपण ‘डाव’ हा शब्द एका खेळाडूच्या पाळीसाठीही वापरतो, सगळ्यांच्या फेरीसाठीही आणि अख्ख्या खेळासाठीही. बोलताना संदर्भाने कळतं. पण ‘हा पत्ता डावात एकदाच वापरा’ असं छापलं की भांडण ठरलेलं. मी पाळी, फेरी आणि खेळ हे तीनच शब्द ठेवते आणि ‘डाव’ दोन्ही पुस्तिकांतून काढते. तसंच ‘घेऊ शकतो’ आणि ‘घ्यायचा’ यांतला फरक शेवटपर्यंत पाळायचा: पहिल्यात मर्जी, दुसऱ्यात सक्ती. पुस्तिकेत ‘दरोडेखोर’ आणि कोशात ‘चोर’ झाला, तर शोधणाऱ्याला नोंद सापडणारच नाही.

दोन दस्तऐवज झाले की ते एकमेकांशी विसंगत होण्याचा धोका येतो. फँटसी फ्लाइट गेम्स ही प्रकाशन संस्था अनेक खेळांत अशा दोन पुस्तिका देते आणि विसंगती आली तर नियमकोशाचं म्हणणं अंतिम, असं त्यातच लिहिते. ही ओळ तुमच्याकडेही असू द्या. आणि नियम बदलला की आधी कोश दुरुस्त करा, मग पुस्तिका.

विभागणी जमली की नाही ते बघायला खेळ माहीत नसलेल्या चौघांना खोका द्या आणि तोंड बंद ठेवून बाजूला बसा. किती मिनिटं लागली याहून ते पान कधी उलटतात ते लिहून ठेवा. पहिला फासा पडण्याआधी कुणी कोश उघडला, तर एक नियम चुकून कोशात गेला आहे. खेळ रंगल्यावर कुणी शिकवणाऱ्या पुस्तिकेत परत परत काही शोधत असेल, तर कोशात ती नोंद नाही, किंवा त्याला सुचणाऱ्या शब्दाखाली नाही. त्याने कोणता शब्द उच्चारला तो तसाच टिपून घ्या. नोंदीचं शीर्षक तेच करा.