साथ कोणी कळवायची, आणि प्रवास रोखायचा तर कोणत्या अटींवर?

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, २००५ नुसार साथीची अधिकृत सूचना जागतिक आरोग्य संघटनेला द्यायची ती प्रत्येक देशाने नेमलेल्या एका संपर्क केंद्राने. भारतात हे काम दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे आहे. डॉक्टर जिल्हा सर्वेक्षण कक्षाला कळवतो, जिल्हा राज्याला आणि राज्य दिल्लीला. पण देश गप्प बसला म्हणून विषय संपत नाही. बातमी दुसरीकडून कानावर आली, तर संघटना विचारणा करते आणि देशाला २४ तासांत पहिले उत्तर द्यावे लागते.

देवी, सार्स, वाइल्ड पोलिओ किंवा माणसातला नव्या उपप्रकाराचा फ्लू असेल, तर एक रुग्णही कळवावा लागतो. बाकी घटनांना परिशिष्ट २ मधले चार प्रश्न लावतात: परिणाम गंभीर आहे का? घटना अनपेक्षित आहे का? ती देशाबाहेर पसरण्याचा धोका आहे का? प्रवास-व्यापारावर बंधने येण्याचा धोका आहे का? दोन उत्तरे ‘हो’ आली की सूचना बंधनकारक. तपासणीला ४८ तास, आणि निष्कर्ष निघाल्यावर कळवायला २४ तास. सोबत रुग्णाची व्याख्या, प्रयोगशाळेचे अहवाल, रुग्ण-मृत्यूंचे आकडे, प्रसाराची परिस्थिती आणि केलेले उपाय हा तपशील, जेवढा हाताशी असेल तेवढा, द्यायचा असतो.

दक्षिण आफ्रिकेने नेमके हेच केले. कोरोनाचा नवा प्रकार तिने २४ नोव्हेंबर २०२१ ला कळवला. २६ तारखेला त्याचे ‘ओमिक्रॉन’ असे नामकरण झाले, पण त्याआधीच ब्रिटनने तिथली विमाने थांबवायचे जाहीर केले होते. अमेरिकेने २९ तारखेपासून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या आठ देशांवर बंदी घातली. गंमत म्हणजे नेदरलँड्समध्ये १९ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यातही नंतर ओमिक्रॉन सापडला. म्हणजे दार लावले तेव्हा पाहुणा आत येऊन बसलेला होता.

अशी बंदी घालता येते, पण कलम ४३ च्या अटींवर. तिला शास्त्रीय आधार हवा आणि तेवढेच संरक्षण देणारा कमी जाचक उपाय उपलब्ध नसावा. प्रवाशाला प्रवेश नाकारला किंवा २४ तासांहून जास्त अडकवले, तर ४८ तासांत त्याची कारणे संघटनेला कळवावी लागतात आणि तीन महिन्यांत फेरविचार करावा लागतो. अमेरिकेने ती बंदी ३१ डिसेंबरला उठवली.

खरी मेख अशी की अट मोडली तर दंड नाही. संघटना फेरविचाराची विनंती करते. लवादाकडे जायचे तर दोन्ही देशांची संमती लागते. खबर देणाऱ्यालाच फटका बसतो, आणि पुढचा देश खबर द्यायला कचरतो, असे माझे मत.

प्रवाशाकडे मागता येणारे, नियमावलीत ठरलेले आरोग्याचे कागदपत्र एकच: पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होते आणि आयुष्यभर चालते. ते नसताना पीतज्वराच्या देशातून मुंबईत उतरलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.