उद्दिष्टे व प्रमुख निष्पत्ती : छोट्या ग्राहकसेवा गटातील उपयोग

तिमाहीच्या अखेरीस कुठे पोहोचायचे ते एका वाक्यात सांगणारे उद्दिष्ट आणि तेथे पोहोचलो की नाही हे दाखवणारी दोन-तीन मोजमापे, म्हणजेच प्रमुख निष्पत्ती, अशी ही पद्धत असून ती ‘ओकेआर’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिकिटे, म्हणजे ग्राहकांचे नोंदवलेले प्रश्न व तक्रारी, थोडी आणि नोंदी अपुऱ्या असल्या, की तिचा मोजमापाचा भाग अडचणीत येतो. ही नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या ‘उद्दिष्टांनुसार व्यवस्थापन’ या कल्पनेत आहे. दुसरे मत जनकत्व इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांना देते. ग्रोव्ह यांनी साधारणतः १९७० च्या दशकात तेथे ही पद्धत रुजवली. १९७४ मध्ये इंटेलमध्ये आलेले जॉन डोअर ती तेथेच शिकले आणि १९९९ मध्ये त्यांनी ती गूगलमध्ये नेली. ग्रोव्ह यांच्या १९८३ च्या ग्रंथात ही मांडणी ड्रकर यांच्याच संज्ञेखाली येते, हे पाहता पूर्ण फारकत मानण्यापेक्षा विस्तार मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ग्रोव्ह यांचे एक सूत्र छोट्या गटाला विशेष उपयोगी आहे : एका मोजमापाच्या हव्यासाने जे बिघडू शकते, ते टिपणारे दुसरे मोजमाप त्याच्या जोडीला ठेवावे.

उदाहरणादाखल तीन माणसांचा गट घेऊ. आठवड्याला ६० तिकिटे येतात, म्हणजे १३ आठवड्यांच्या तिमाहीत ७८०. समाधानाच्या प्रश्नाला दहातला एक ग्राहक उत्तर देतो, म्हणून हाती ७८ उत्तरे येतात. त्यांतले ६४ समाधानी, म्हणजे ८२ टक्के. येथे ‘८२ वरून ८६’ अशी निष्पत्ती लिहिण्याचा मोह होतो. पण एवढ्या उत्तरांत केवळ योगायोगाने ८२ च्या खाली-वर सुमारे ८.५ टक्के फरक पडू शकतो, आणि दोन तिमाहींची तुलना करताना तो १२ टक्क्यांपर्यंत जातो. चार टक्क्यांची सुधारणा खरोखर झाली, तरी ती या आकड्यांत ओळखू येणार नाही. शिवाय उत्तर देणारे बहुधा फार खूश किंवा फार चिडलेले असतात.

म्हणून जे प्रत्येक तिकिटावर मोजता येते तेच निवडावे. चार कामकाजाच्या तासांत पहिले खरे उत्तर गेलेली तिकिटे, हे असे एक मोजमाप होय. या गटाने आधी काहीच मोजले नव्हते. सहा आठवडे साध्या तक्त्यात नोंद केल्यावर ६० पैकी ३१, २८, ३४, ३०, ३६, २७ असे आकडे मिळाले. सरासरी ३१. लागोपाठच्या आठवड्यांतले फरक ३, ६, ४, ६, ९. त्यांची सरासरी ५.६. तिला अशा पट्ट्यासाठी ठरलेल्या २.६६ या गुणकाने गुणले, की सुमारे १५ येतात. म्हणजे काहीही न बदलता आकडा १६ ते ४६ या पट्ट्यात हलू शकतो. एखाद्या आठवड्यात ४० आले म्हणून पेढे वाटू नयेत, २४ आले म्हणून कोणाला बोलावून जाब विचारू नये. मात्र सलग आठ आठवडे आकडा ३१ च्या वर राहिला, तर बदल खरा मानतात. सहा आठवड्यांवरून काढलेला पट्टा कच्चाच असतो. तो पुढे सुधारून घ्यावा. तिकिटांची संख्या आठवड्यागणिक बरीच हलत असेल, तर शेकडा प्रमाण वापरावे.

यावरून पुढच्या तिमाहीची मांडणी अशी होते. उद्दिष्ट : ग्राहकाला उत्तरासाठी दिवसभर ताटकळावे लागू नये. पहिली निष्पत्ती : शेवटचे आठही आठवडे आकडा ३१ च्या वर आणि त्यांची सरासरी ४०. जोडीची निष्पत्ती : सात दिवसांत पुन्हा उघडलेली तिकिटे ६० पैकी सहाहून अधिक नसावीत.

नुसता उत्तराचा वेग मोजला, तर काय होते? ‘पैसे कापले गेले, पावती आली नाही’ असे तिकीट १०:०५ ला येते. १०:१२ ला ‘आम्ही पाहत आहोत’ असे उत्तर जाते आणि घड्याळ थांबते. पावती तिसऱ्या दिवशी मिळते, तक्त्यात मात्र हे तिकीट यशस्वी ठरते. म्हणून ‘खरे उत्तर’ म्हणजे काय हे मोजणीपूर्वीच लिहून ठेवावे लागते : ज्यात उपाय, नेमका प्रश्न किंवा पुढची वेळ आहे तेच उत्तर. आपोआप जाणारी पोच त्यात धरत नाहीत. दर आठवड्याला कोणतीही दहा तिकिटे दुसऱ्या सहकाऱ्याने वाचली, की पोकळ उत्तरे लगेच हाती लागतात.

गूगलमध्ये १ पैकी ०.७ गुण म्हणजे चांगले यश मानण्याचा प्रघात आहे. तीन माणसांच्या गटाने तो तसाच उचलू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एक जण आठवडाभर रजेवर गेला, की एक तृतीयांश हात कमी होतात. तेव्हा रजा, सण आणि बिलिंगच्या तारखा आकड्याशेजारीच नोंदवाव्यात.