भगव्या पट्टीवरचं पांढरं अक्षर

फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या जत्रेचं पान मोबाइलवर पाहत होतो. वर देखणी भगवी पट्टी आणि तिच्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत कार्यक्रम: अभिषेक, महाप्रसाद, पालखी, रात्रीचं नाटक. घरात बसून सगळं वाचता येत होतं. तेच पान दुपारी फेरीबोटीच्या धक्क्यावर उघडलं तेव्हा पट्टी तेवढी दिसली, वेळा मात्र दिसेनात. ज्यांना ही माहिती सगळ्यात जास्त लागते, त्या सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना ती घरातल्या उजेडातही दिसली नसती.

असं का होतं, हे मोजता येतं. वेबपानांच्या सुलभतेचे जागतिक निकष डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जातात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किती हवा, हे त्यांत एका गुणोत्तराने ठरवलेलं आहे. त्याला कॉन्ट्रास्ट रेशो म्हणतात. दोन्ही रंग सारखेच असतील तर तो 1 येतो, शुभ्र पांढऱ्यावर गडद काळं असेल तर 21. साध्या आकाराच्या मजकुराला किमान 4.5 लागतो. अक्षरं 24 पिक्सेल किंवा त्याहून मोठी असतील, किंवा साधारण 19 पिक्सेलची पण ठळक असतील, तर 3 चालतो.

हा 4.5 कुठून आला? सामान्य नजरेसाठी 3 हा किमान आकडा आधीच्या एका आंतरराष्ट्रीय मानकात होता. ऐंशीच्या आसपासच्या माणसांची नजर साधारणपणे 20/40 धरली जाते. म्हणजे निरोगी डोळ्याला चाळीस फुटांवरून दिसणारं अक्षर त्यांना वीस फुटांवर यावं लागतं. एवढी नजर कमी झाली की फरक ओळखण्याची ताकदही सुमारे दीडपट घटते, म्हणून 3 गुणिले 1.5. नजर कमी झालेल्या आजी-आजोबांनाही पान वाचता यावं, एवढाच या आकड्याचा अर्थ.

आता ती भगवी पट्टी मोजू. तिचा रंग `#FF9933`, म्हणजे लाल 255, हिरवा 153 आणि निळा 51. गणितात रंग कोणता याला महत्त्व नाही, तो डोळ्याला किती उजळ वाटतो याला आहे. स्क्रीनवरचे आकडे आणि बाहेर पडणारा प्रकाश एका प्रमाणात चालत नाहीत. 153 हे 255 च्या 60 टक्के असले तरी प्रत्यक्षात प्रकाश जेमतेम 32 टक्के निघतो, आणि 51 वर 3 टक्क्यांच्या आसपास. शिवाय आपला डोळा हिरव्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो आणि निळ्याला फारच कमी. म्हणून उजळता, म्हणजे L, काढताना तिन्ही रंगांना वेगवेगळं वजन दिलेलं आहे:

```
L = 0.2126×1 + 0.7152×0.3185 + 0.0722×0.0331 ≈ 0.443
```

पांढऱ्याची उजळता 1. दोन्ही संख्यांत 0.05 मिळवायचे आणि मोठीला लहानने भागायचं: 1.05 भागिले 0.493, म्हणजे 2.13. निकषाच्या अर्ध्यावरही नाही. मोठ्या मथळ्यालाही हा रंग चालणार नाही.

ते 0.05 गोव्यात राहणाऱ्याने नीट समजून घ्यावेत असे आहेत. खोलीतला थोडासा प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन अक्षरावरही पडतो आणि पार्श्वभूमीवरही, त्याची ही नोंद. पण एप्रिलच्या उन्हात काचेवरून परतणारा प्रकाश यापेक्षा कितीतरी जास्त असतो. समजा तो स्क्रीनच्या पांढऱ्याच्या एक पंचमांश झाला. मग 0.05 च्या जागी 0.2 धरावे लागतील. पांढऱ्यावर काळं 21 वरून थेट 6 वर येतं आणि आपली पट्टी 1.87 वर. पांढऱ्यावर काळं त्या उन्हातही वाचता येतं, पट्टीवरचं अक्षर मात्र रंगात विरून जातं. म्हणून जे पान लोक रस्त्यावर, बसस्टँडवर किंवा देवळाच्या अंगणात उघडणार आहेत, त्याला मी 4.5 वर थांबू देणार नाही. 7 धरावेत. निकषांतली वरची पायरीही तीच आहे.

मग करायचं काय? भगवा गडद करत नेला आणि पांढरं अक्षर तसंच ठेवलं, तर 4.5 गाठेपर्यंत पट्टी `#B85C00` च्या आसपास येते. आकडा 4.6 मिळतो, पण रंग तपकिरी होतो आणि जत्रेचा भगवा हातचा जातो. त्यापेक्षा पट्टी तशीच ठेवून अक्षर बदलावं:

```css
.jatra-patti {
  background: #FF9933;
  color: #4A0E0E;
}
```

हा काळपट कुंकवी रंग भगव्यावर 7.25 देतो. अक्षर पांढरंच हवं असा हट्ट असेल तर पट्टीला आपल्या जांभ्या दगडाच्या जवळ जाणारा `#A0522D` द्यावा, तिथे 7 नाही, पण 5.6 मिळतो.

ही बेरीज-भागाकार हाताने करायची गरज नसते. क्रोममध्ये अक्षरावर उजवं क्लिक करून `Inspect` उघडा आणि `color` शेजारच्या रंगीत चौकोनावर टिचकी मारा. `Contrast ratio` समोर आकडा दिसतो. त्यावर टिचकी मारली की वरच्या रंगपटावर रेघही उमटते, ती ओलांडली की रंग निकषात बसतो. आकडा वर ढकलून पूर्ण करायचा नाही. पांढऱ्यावर `#777777` हा राखाडी 4.48 देतो, म्हणजे नापास. एकच पायरी गडद `#767676` मात्र 4.54 ने पास होतो.

पण हा आकडा सीएसएसमध्ये लिहिलेल्या रंगांवरून काढलेला असतो, काचेवर उमटलेल्या रेषेवरून नव्हे. देवनागरीला हे जास्त बाधतं. बारीक फाँटमधली रेषा एका पिक्सेलहून अरुंद झाली की ब्राउझर तिथे अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा मिश्र रंग भरतो, आणि प्रत्यक्ष फरक मोजलेल्यापेक्षा कमी होतो. सगळ्यात आधी रफार, वेलांट्यांची टोकं आणि अनुस्वार जातात. ‘मंदिरात’ आणि ‘मंदिरांत’ यांतला फरक एका टिंबाचा, आणि पुसट छपाईत तेच टिंब दिसत नाही. त्यामुळे मराठी मजकुराला लाइट वजनाचा फाँट मी टाळतो आणि अक्षर 16 पिक्सेलच्या खाली नेत नाही.

फोटोवर मजकूर टाकला की क्रोममधलं हे साधन बहुतेक वेळा गप्प बसतं, कारण मागे एकच रंग नसतो. दीपमाळेच्या फोटोवर पांढरी अक्षरं टाकली असतील तर काळोख्या आभाळावरची सुरेख दिसतात आणि पणत्यांवर आलेली दोन-चार नाहीशी होतात. अशा ठिकाणी अक्षराखालचा सगळ्यात उजळ ठिपका शोधून त्याच्याशी तुलना करायची, किंवा अक्षरांमागे एक काळपट पट्टा घालायचा. आधी साठ टक्के काळा घालून पाहा: त्याखाली फोटोचा अगदी पांढरा ठिपका असला तरी तो `#666666` होतो, आणि त्यावर पांढऱ्या अक्षराला 5.7 मिळतात.