उन्हाळ्याचा उंचवटा की बिघाडाची पायरी?

परभणीत आमच्या शेजारच्या काकू डिसेंबरात विजेचं बिल घेऊन आल्या. "कूलर कवाच माळ्यावर टाकला, तरी बिल काही उतरंना." बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो मी कागदावर ओळीनं उतरवला. रुपये पाहिलेच नाहीत, कारण दर आणि टप्पे बदलले की रुपये फसवतात. युनिट पाहायचे.

जानेवारी 90, फेब्रुवारी 94, मार्च 126, एप्रिल 168, मे 182, जून 160, जुलै 148. इथवर कुणीही म्हणेल, उन्हाळा आहे. मराठवाड्यात कूलर मार्चात लागतो. दीड-दोनशे वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर महिन्याला 45 ते 60 युनिट खातो. पण हा उंचवटा पाऊस पडला की उतरतो. इथं ऑगस्ट 150, सप्टेंबर 146, ऑक्टोबर 152, नोव्हेंबर 147, डिसेंबर 149. घरात गीझर नाही, माणसं तेवढीच. उंचवटा ओसरला, पण खाली नवी पायरी उरली. म्हणून मी मे महिन्याकडे नाही, सगळ्यात थंड महिन्यांकडे आधी बघतो.

एक खबरदारी मात्र घ्यायची. एखाद्या महिन्यात रीडिंग न घेता सरासरी बिल आलं असेल, तर पुढच्या महिन्यात उरलेले युनिट एकदम येतात. तो सुळका एकाच महिन्याचा असतो, पायरी नव्हे. दोन रीडिंगमधले दिवसही मोजावेत. 35 दिवसांचं बिल 28 दिवसांच्या बिलाशेजारी उगाच फुगलेलं दिसतं.

काकूंची पायरी जवळपास 58 युनिटांची, म्हणजे रोज सुमारे दोन. एवढी वीज दोन वाटांनी जाऊ शकते: वायरिंगमधून अर्थिंगकडे चोवीस तास झिरपणारे 80 वॅट, किंवा एक एचपीची मोटार रोज दोनेक तास जास्त चालणं.

फ्रिज, इन्व्हर्टर, मोटार, सगळं बंद केलं, मेन स्विच चालू ठेवला. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलं होतं, म्हणजे एका युनिटला मीटरचा लाल दिवा 3200 वेळा मिचकतो. 80 वॅट झिरपत असते तर तो दर 14 सेकंदांच्या आसपास मिचकला असता. पाच मिनिटं उभा राहिलो, एकदाही नाही. म्हणजे वायरिंगवरचा संशय मिटला.

उरली बोअरची मोटार. टाकीचं पाणी कमी झालं की ती आपोआप चालू होते. रात्री टाकी भरून मोटार बंद केली, टाकीखालचा वॉल बंद करून पाण्याची खूण केली. सकाळी पाणी खुणेलाच होतं. मग सगळे नळ बंद ठेवून वॉल उघडला. दोन तासांत पाणी चार बोटं खाली. न्हाणीघराच्या फरशीखालचा पाइप फुटला होता, आणि पाणी जमिनीतच मुरत असल्यानं ओल कुठंच दिसली नव्हती.

हा पाइप बहुधा जूनच्या सुमाराला फुटला असावा, कूलर उतरायच्या वेळी. म्हणूनच जून-जुलैचे आकडे कुणाला खटकले नाहीत. बिघाड मार्चातच झाला असता तर या बारा महिन्यांत तो उन्हाळ्याआड अजून पक्का लपला असता. मग गेल्या वर्षीच्या मार्चचं बिल शोधून शेजारी ठेवावं लागलं असतं.