कोस आणि योजन

कोस, योजन : भारतीय उपखंडातील अंतरमोजणीची जुनी एकके. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’ (हाक, ओरड) या शब्दापासून आला. हाक ऐकू जाईल तेवढे अंतर, असा त्याचा मूळ अर्थ दिसतो. योजन म्हणजे जू एकदा जोडल्यावर न सोडता गाठायचा टप्पा. चार कोसांचे एक योजन हे कोष्टक सर्वपरिचित असले, तरी योजनाचे किलोमीटर किती, याविषयी एकमत नाही.

मतभेदाचे मूळ कौटिलीय अर्थशास्त्राच्या पाठात आहे (ग्रंथाचा काळही वादग्रस्त, इ.स.पू. ४थे ते इ.स. ३रे शतक असे अंदाज आहेत). चार गोरुतांचे (गायीचे हंबरणे ऐकू येते तेवढे अंतर) योजन, हे दोन्ही पाठांत समान आहे. मात्र एका पाठात गोरुत १,००० धनुष्यांचे, तर दुसऱ्यात २,००० धनुष्यांचे. चार हातांचे धनुष्य सुमारे १.८३ मी. धरल्यास पहिल्या पाठाने योजन ७.३ किमी. होते, दुसऱ्याने १४.६ किमी. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग योजनाचे आठ क्रोश आणि क्रोशाची ५०० धनुष्ये सांगतो. म्हणजे येथेही ४,००० धनुष्येच भरतात. प्रवासवर्णनांसाठी त्यामुळे लहान योजन अधिक ग्राह्य वाटते.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांत हा घोळ एकाच लेखकाच्या हातून दिसतो. लीलावतीत २,००० दंडांचा, म्हणजेच धनुष्यांचा, क्रोश व चार क्रोशांचे योजन आहे, म्हणजे १४.६ किमी. सिद्धान्तशिरोमणीत (इ.स. ११५०) पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने दिला आहे. कोष्टकातले योजन घेतल्यास तो सुमारे ७२,५०० किमी. होतो, प्रत्यक्षात तो ४०,००० किमी.च्या आसपास आहे. उलट आजच्या परिघाला ४,९६७ ने भागले की योजन ८ किमी. येते. पण असा भागाकार करून काढलेले योजन वापरून ‘प्राचीनांचा परिघ अचूक होता’ म्हणणे हे वर्तुळाकार तर्कट ठरते.

मोगल कोसाला जमिनीवरचा पुरावा आहे. आइन-इ-अकबरीत कोस ५,००० गजांचा आहे. अकबराने ठरवलेला इलाही गज ३३ इंच धरल्यास तो ४.१९ किमी. होतो, आणि दिल्लीकडील, रस्त्यावर दर कोसाला उभारलेल्या कोस मिनारांमधली मोजलेली सरासरी ४.१७ किमी.च्या जवळपास येते. गजाच्या लांबीबाबत मात्र मते भिन्न आहेत.

मराठी व्यवहारातला कोस साधारणपणे दोन मैलांचा, म्हणजे ३.२ किमी. धरतात. तो मोजलेला नसून चालण्यावरून अजमावलेला असल्याने घाटवाटेवर आखूड पडतो. बखर किंवा प्रवासवृत्त वाचताना त्याच लेखकाने दिलेले, दोन्ही टोके ठाऊक असलेले अंतर जुन्या वाटेने नकाशावर मोजून त्याचा कोस ठरवावा. सरळ रेषेत मोजल्यास तो हमखास लहान येतो.